दोनशेची रेघ

बदलापूरकडून कल्याणकडे निघालं की जांभूळ फाटा लागतो आणि तिथून आत आमचं गाव. बाहेरच्या माणसाला जांभूळ ठाऊक असतं ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवीचं पाणी इथे शुद्ध होतं आणि जाडजूड पाइपांतून ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे जातं. त्या कारखान्यांनीच गावातल्या दोन-तीन पिढ्यांना पगार दिला. 'कंपनीत लागला' हे आमच्याकडे अजूनही मुलाचं लग्न जमायला पुरेसं वाक्य आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, सकाळी सात वाजता, माझ्या चुलतभावाच्या ओट्यावर स्कूटरवरून एक पोरगा आला. पाठीला बॅग, बॅगेत बर्फाची पिशवी आणि लाल-जांभळ्या टोपणांच्या नळ्या. आयुर्विम्याची मेडिकल होती. भाऊ तेव्हा चौतीस वर्षांचा. धाकटी मुलगी जन्मली म्हणून त्याने मोठ्या रकमेचा टर्म इन्शुरन्स घ्यायचं ठरवलं होतं. आदल्या आठवड्यात घरात दोन हळदी आणि एक लग्न झालं होतं, म्हणजे जेवणं कशी झाली असतील आणि जेवणाआधी काय झालं असेल हे सांगायला नको. वर 'उपाशीपोटी म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं' असं समजून तो आदल्या दुपारी जेवलेला तसाच बसला होता.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड २६५, एचडीएल ३८, एलडीएल १३७. तीन आकडे ठळक छापलेले आणि एकूण कोलेस्टेरॉलपुढे शब्द होता, 'बॉर्डरलाइन हाय'. पाठोपाठ विमा कंपनीचं पत्र आलं: वाढीव हप्ता भरायला तयार असाल तर संमती कळवा.

ओट्यावर बसून त्याने मला विचारलं, "दादा, बॉर्डर कुणी आखली ही?"

प्रश्न वैतागून केलेला होता, पण चांगला होता. ही रेघ खरोखरच कुणीतरी, एका विशिष्ट साली आखली आहे. ती आखायची पद्धत डॉक्टरांच्या आधी विमेवाल्यांनी शोधली. आणि ती रेघ भावासारख्या एकेका माणसासाठी नव्हे, तर माणसांच्या जमावासाठी आखलेली आहे. हे तिन्ही मुद्दे समजले की त्या ठळक आकड्याचं काय करायचं ते बरंचसं आपोआप समजतं.

*

सुरुवात मुंबईपासूनच करता येते. एकोणिसाव्या शतकात इथे काम करणाऱ्या विलायती विमा कंपन्या मुख्यतः युरोपियनांचा विमा उतरवत. हिंदी माणसाचा उतरवलाच, तर त्याच्यावर जबर जादा हप्ता लावत. हिंदी आयुष्य हेच मुळी 'कमी प्रतीचं' धरलेलं होतं. पॉलिसी मागणारा माणूस धडधाकट आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, तो ज्या गटातला आहे त्या गटाचा निकाल आधीच लागलेला. मुंबईत १८७० साली बॉम्बे म्युच्युअल ही संस्था सुरू झाली आणि तिने हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली. १८७४ साली याच शहरात ओरिएंटल निघाली. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून आयुर्विमा महामंडळ झालं.

मधल्या काळात अमेरिकेत या धंद्याचं गणित बदललं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क लाइफ या कंपनीत ऑस्कर रॉजर्स हा डॉक्टर आणि आर्थर हंटर हा विमागणिती या दोघांनी 'गुण' देण्याची पद्धत बसवली. तोवर अर्जदाराला 'घ्या' किंवा 'नको' एवढीच दोन उत्तरं होती. या दोघांनी सरासरी माणसाचा मृत्यूचा धोका १०० धरला. वजन जास्त असेल तर त्यात काही अंक मिळवायचे, वडील लवकर गेले असतील तर आणखी काही, एखादी गोष्ट उजवी असेल तर काही वजा करायचे. बेरीज १५० आली, तर अशा माणसांच्या गटात सरासरीच्या दीडपट मृत्यू अपेक्षित आहेत असं समजून हप्ता ठरवायचा. आपल्याकडचे जुने एजंट 'ईएमआर किती लागला?' असं विचारतात, तो हाच हिशेब, म्हणजे जादा मृत्यूदराचा आकडा.

या पद्धतीला आकडे हवे होते, आणि आकड्यांसाठी मोजमाप. मिल्वॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल कंपनीचे डॉक्टर जॉन फिशर यांनी १९०७च्या सुमारास अर्जदारांचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली. त्या वेळी बहुतेक दवाखान्यांत ते यंत्र पोचलेलं नव्हतं. कसलीच तक्रार नसलेल्या माणसांतही ज्यांचा दाब वर आहे ते लवकर मरतात, हे विमा कंपन्यांच्या वह्यांत आधी दिसलं. डॉक्टरकडे माणूस दुखलं की जातो. विमा कंपनीकडे माणूस बरा असताना जातो, आणि पुढे तो कधी मेला याची नोंद तिच्याकडे नक्की असते. त्यामुळे 'बरा दिसणारा पण धोक्यातला' हा माणूस आधी तिला दिसला.

वैद्यकशास्त्राने हीच रीत १९४८ साली बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात उचलली. ५,२०९ स्त्री-पुरुषांना तपासून, मोजून, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९६१ साली त्या मंडळींनी जो निबंध छापला त्यातून 'रिस्क फॅक्टर' हा शब्द रूढ झाला: रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे. कोलेस्टेरॉल हा पदार्थ तेव्हा नवा नव्हता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पित्तखड्यांतल्या या पदार्थाला नाव दिलं होतं आणि रशियात अनिच्कोव यांनी १९१३ साली सशांना तो चारून त्यांच्या धमन्या खराब करून दाखवल्या होत्या. नवं होतं ते त्याला मृत्यूच्या हिशेबात बसवणं.

*

आता दोनशेचा आकडा. घरात जुन्या फायली असतील तर काढून बघा. ऐंशीच्या दशकापर्यंतच्या रिपोर्टांवर 'नॉर्मल'च्या रकान्यात १५० ते २५० असं छापलेलं सापडेल. तेव्हाचं नॉर्मल म्हणजे 'बहुतेक लोकांचं असतं ते'. पण ज्या समाजात हृदयविकाराने माणसं पटापट जात आहेत, तिथे बहुतेकांचं असतं ते चांगलं कसं म्हणायचं? डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. तिने वयाप्रमाणे वेगवेगळ्या रेघा सुचवल्या: विशीत २००च्या वर मध्यम धोका, तिशीत २२०च्या वर, चाळिशीपुढे २४०च्या वर. लक्षात घ्या, या मापाने माझा चौतीस वर्षांचा भाऊ २०४वर असता तर रेघेच्या आत होता.

मग १९८८ साली तिथल्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या अहवालाने वयाची भानगड काढून टाकली. सर्व प्रौढांसाठी एकच माप: २००च्या आत ठीक, २०० ते २३९ 'बॉर्डरलाइन हाय', २४० आणि वर 'हाय'. हेतू सरळ होता. कोट्यवधी लोकांना आणि हजारो डॉक्टरांना लक्षात राहील असं सोपं काहीतरी हवं होतं. तीच वाक्यं आज बदलापुरातल्या लॅबच्या छापील कागदावर आहेत.

पण कागदावर उतरताना त्या अहवालातला एक भाग गळून पडला. अहवालात असं होतं की, पहिली मोजणी २००च्या वर आली तर एक ते आठ आठवड्यांत पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी धरा. सरासरी बॉर्डरलाइन आली आणि माणसाला हृदयविकार नसेल, जोखमीच्या आणखी दोन गोष्टीही नसतील, तर आहाराची माहिती द्या आणि वर्षाने पुन्हा बघा. असतील, तर एलडीएलसकट पुढची तपासणी करा. म्हणजे 'बॉर्डरलाइन' हा मुळात निकालच नव्हता. 'पुन्हा मोजा आणि बाकीचं बघा' अशी ती सूचना होती. सूचना गेली आणि ठळक टाइप राहिला.

*

पुन्हा का मोजायचं? आमच्या गावात पाणी शुद्धीकरण केंद्रात काम केलेली माणसं आहेत. उल्हास नदीच्या एका बाटलीवरून नदी कशी आहे ते सांगा म्हटलं तर ती हसतील. मे महिन्यातली बाटली वेगळी, जुलैतली वेगळी. रक्ताचंही तसंच असतं, फक्त आपण त्याची बाटली वर्षातून एकदा, कधीकधी दहा वर्षांतून एकदा भरतो.

एकाच निरोगी माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल काहीही न बदलता दिवसागणिक साधारण सहा टक्क्यांनी हलतं. त्यात चांगल्या लॅबचाही तीनेक टक्क्यांचा फरक धरा. दोन्ही मिळून हिशेब केला तर ज्याचा खरा मध्य २०५ आहे, त्याचा रिपोर्ट एखाद्या दिवशी १७८ येऊ शकतो आणि एखाद्या दिवशी २३२. पहिला कागद घेऊन तो पेढे वाटेल, दुसरा घेऊन रात्रभर जागेल. माणूस तोच. ट्रायग्लिसराइडची गोष्ट तर आणखी चंचल आहे. तिथे माणसाच्या स्वतःतलाच फरक वीस टक्क्यांच्या आसपास असतो, आणि दोन-तीन दिवसांचं दारू-मटण त्यावर लगेच चढतं. ताप, टायफॉइड, ऑपरेशन झालं की उलटा फसवा प्रकार होतो. एलडीएल काही आठवडे खाली बसतं आणि आपण खूश होतो.

एलडीएलचा आकडा बहुतेक रिपोर्टांत मोजलेलाही नसतो, काढलेला असतो. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी १९७२ साली दिलेलं सूत्र असं:

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

भावाचा पहिला रिपोर्ट यात घालून बघा: २२८ − ३८ − ५३ = १३७. बरोबर जुळलं, म्हणजे लॅबने तो मोजला नव्हता, वजाबाकीने काढला होता. त्यामुळे तीन मोजण्यांतल्या चुका या एका आकड्यात येऊन बसतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे गेलं तर सूत्र वापरायचंच नाही, आणि त्याच्या खूप आधीपासून ते एलडीएल थोडं कमी दाखवू लागतं. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करावं. या 'नॉन-एचडीएल'मध्ये धमनीला चिकटणारं सगळंच येतं आणि उपाशी-जेवलेला हा फरक त्याला फारसा लागत नाही. भावाचं ते आलं १९०. भारतीय माणसांत एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी नेहमी दिसते, म्हणून आपल्याला नॉन-एचडीएल जास्त उपयोगी. विमा कंपन्या बहुधा एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागतात. ते त्याचं बरोबर सहा आलं आणि पत्र आलं ते त्यावरून.

आणि उपासाचं म्हणाल तर नऊ ते बारा तास पुरतात. पाणी प्यावं. सतरा-अठरा तास उपाशी बसून पुण्य लागत नाही.

*

भाऊ विमा कंपनीला उत्तर द्यायच्या आधीच दुसरी भानगड झाली. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत त्याला चांगली नोकरी लागत होती, तिची मेडिकल जूनअखेरीस झाली. सहा आठवडे उलटले होते, लग्नसराई संपली होती, आणि या वेळी तो आदल्या रात्री नीट जेवून गेला होता. एकूण २०४, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ४१, एलडीएल १२९. बरंच सुधारलेलं. पण २०४ म्हणजे दोनशेच्या वर, म्हणून पुन्हा ठळक, आणि कंपनीच्या ऑफिसातून निरोप आला: 'टेम्पररी अनफिट. लिपिड नॉर्मल करून या.'

इथे दोन तपासण्यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण लोक दोन्हीला 'मेडिकल'च म्हणतात. विमा कंपनी पुढच्या तीस वर्षांचा धोका विकत घेत असते. तिने कोलेस्टेरॉल बघणं तिच्या धंद्याला धरून आहे. नोकरीच्या तपासणीचा प्रश्न वेगळा आहे: हा माणूस हे काम आज सुरक्षितपणे करू शकतो का? भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात जी कलमं आली, त्यांत धोकादायक प्रक्रियेवर कामगार लावण्याआधी त्याची तपासणी आणि पुढे वर्षाच्या आत पुन्हा तपासणी सक्तीची झाली. त्याच कलमाने कामगाराला स्वतःची आरोग्याची नोंद बघायचा हक्कही दिला. ती तपासणी आहे कामगाराच्या रक्षणासाठी. सॉल्व्हंटजवळ काम असेल तर यकृत आणि रक्त बघायचं, धूळ असेल तर फुप्फुस, आवाज असेल तर कान, क्रेन असेल तर डोळे. २०४ कोलेस्टेरॉलने व्हॉल्व्ह फिरवायला काही अडत नाही. मग ते यादीत का? कारण लॅबच्या पॅकेजात येतं.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली याच मुद्द्याची फार मोठी बाजू बघितली होती. 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. कामगाराचं नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने अशी अक्षरं वापरू दिली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका संस्थेने रोजंदारीवरच्या कामगाराला एचआयव्हीच्या रिपोर्टवरून कामावर घ्यायचं नाकारलं होतं. न्यायालय म्हणालं की, माणूस काम करू शकतो का आणि त्याच्यापासून कामावर इतरांना धोका आहे का हे न बघता केवळ एका रिपोर्टवरून नोकरी नाकारणं हे मनमानी आहे, घटनेच्या १४व्या आणि २१व्या कलमांच्या विरुद्ध आहे. खाजगी कंपनीवर हा निकाल जसाच्या तसा लागतो असं नाही, पण विचारायचा प्रश्न त्याने नेमका दिला: कामाचं काय?

आम्ही तोच विचारला, भांडून नव्हे. भावाने आमच्या ओळखीच्या एमडी डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घेतलं. दोन मोजण्यांचे आकडे आणि तारखा, ईसीजी आणि रक्तदाब तपासल्याची नोंद, 'नियोजित कामावर कोणतंही बंधन नाही, लिपिडसाठी पाठपुरावा चालू आहे' हे वाक्य, आणि सही. ते पत्र ऑफिसातल्या माणसाला न देता कंपनीच्या डॉक्टरांना दिलं. 'कोणत्या कामासाठी अनफिट, ते कृपया कळवा' एवढंच तोंडी विचारलं. दोन आठवड्यांनी तो कामावर रुजू झाला. डॉक्टर डॉक्टरशी बोलला की अशा गोष्टी बहुधा सुटतात. ऑफिसात फक्त ठळक टाइप वाचला जातो.

*

विम्याचं मात्र इतकं सरळ नव्हतं. एजंट गावातलेच, आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांचा सल्ला झटपट होता. "हा अर्ज सोडून दे. दुसऱ्या कंपनीत टाकू. आधी महिनाभर कोलेस्टेरॉलची गोळी खा, आकडा खाली येईल, मग मेडिकल. मागच्या पत्राचं बोलायचं नाही."

नाना वाईट माणूस नाहीत. त्यांनी अशा कितीतरी पॉलिसी काढून दिल्या असतील. पण या सल्ल्यात तीन ठिकाणी खड्डा आहे. अर्जात प्रश्न असतो: पूर्वी कुठल्या कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा वाढीव हप्त्याने मंजूर केला का? दुसरा प्रश्न: सध्या कुठलं औषध चालू आहे का? दोन्हीला 'नाही' लिहिलं की दोन खोटी उत्तरं सहीनिशी दिली. विमा कायद्याचं ४५वं कलम, २०१५च्या दुरुस्तीनंतर, असं सांगतं की पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला कुठल्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही. लोक एवढंच ऐकतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. पण त्या तीन वर्षांत माणूस गेला, तर कंपनी प्रत्येक कागद उघडते. आणि तेव्हा कागदांशी झगडायला खोटं लिहिणारा हयात नसतो. बायको असते.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल. आकडा पाडून आपण विमा कंपनीला फसवतो तसं स्वतःलाही फसवतो. भावाच्या बाबतीत हे महागात पडलं असतं, कारण त्याच्या अर्जात आणखी एक ओळ होती: वडील, मृत्यू, वय ५१, हृदयविकार. माझे काका. कंपनीतून रात्रपाळी करून आले, चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले. तेव्हा त्यांचं कोलेस्टेरॉल कुणी कधी मोजलंच नव्हतं.

मी कागद घेऊन बसलो. दोन मोजण्यांची सरासरी काढली: एकूण २१६, एलडीएल १३३, नॉन-एचडीएल १७६च्या वर. 'दुसरा रिपोर्ट चांगला आला, पहिला विसरा' असं करायचं नाही, कारण दुसरा जितका खरा तितकाच पहिलाही खरा. सरासरी बॉर्डरलाइनच होती. मग अहवालातून गळलेली दुसरी सूचना: बाकीचं बघा. कंबर ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९०च्या पुढे नको. रक्तदाब १३२/८६. उपाशीपोटीची साखर १०८, दोन्ही रिपोर्टांत होती, पण ती लाल रंगात नव्हती म्हणून कुणी बघितली नव्हती. डॉक्टरांनी एचबीए१सी करायला सांगितलं, ते ६.० आलं. म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. थायरॉइड ठीक होतं. ते बघावंच लागतं, कारण थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यानेच चढतं आणि उपचार थायरॉइडचा करायचा असतो. शेवटी लायपोप्रोटीन-ए ही आयुष्यात एकदा करायची तपासणी. ती आनुवंशिक असते, पथ्याने हलत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढवते. त्याची आली ६२.

आता चित्र उलटं झालं. नोकरीच्या बाबतीत जो आकडा क्षुल्लक होता, तोच या माणसाच्या बाबतीत क्षुल्लक नव्हता. याच आकड्यांचा एखादा माणूस, वडील ऐंशीत, साखर ठीक, कंबर ठीक, त्याला डॉक्टरांनी वर्षाने या म्हटलं असतं आणि ते बरोबर ठरलं असतं. दोनशेची रेघ या दोघांना एकाच रकान्यात टाकते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत म्हणूनच एक रेघ नाही. कमी धोक्याच्या माणसाला एलडीएल १००च्या आत, जास्त धोक्याच्या माणसाला ७०च्या आत, आणि धोका जसजसा वाढेल तशी खाली सरकणारी पायरी आहे.

*

विमा कंपनीला आम्ही लपवाछपवी न करता लिहिलं. दुसरा रिपोर्ट, एचबीए१सी, ईसीजी आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं, दोन्ही तारखा लिहिल्या आणि सरासरीवर फेरविचार करा अशी विनंती केली. लायपोप्रोटीनचा रिपोर्टही जोडला, नाना कपाळाला हात लावून बसले तरी. कंपनीचा कोष्टक आम्हाला दिसत नाही, पण हिशेबाची जात समजावी म्हणून काल्पनिक अंक घालतो. समजा १०० अधिक वजनाचे २५, वडिलांचे २५, लिपिडचे ५०, असे २०० झाले असतील. सरासरीवर लिपिडचे ५० उतरून २५ झाले, तर १७५. साखरेचे आणि लायपोप्रोटीनचे काही चढले असतील. प्रत्यक्षात जादा हप्ता थोडा उतरला, गेला नाही. वडिलांचे अंक कुठल्या पथ्याने जाणार?

भाऊ चिडला. "बाबा गेले त्याचा हप्ता मी भरायचा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिंदी माणसाला जादा हप्ता लावणारे साहेबही गटाचाच हिशेब करत होते. फरक एवढाच की तो गट चामडीवरून पाडलेला होता आणि हा मोजता येणाऱ्या, तपासता येणाऱ्या, काही अंशी बदलता येणाऱ्या गोष्टींवरून पाडलेला आहे. तो फरक मोठा आहे, पण ५१व्या वर्षी गेलेल्या बापाच्या मुलाला ओट्यावर बसून तो मोठा वाटत नाही.

शेवटी त्याने संमती दिली. मिळणारं संरक्षण आज सुरू होतंय, हप्त्यातला फरक पुढे कमी करून मागता येईल, आणि पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत नको वाटली तर परत करता येते, एवढं काकूंना पटवल्यावर काकूच म्हणाल्या, "घे बाबा. माझ्या वेळी कागद नव्हता."

तीन महिने त्याने दारू बंद केली, रात्रीचा भात अर्धा केला आणि कामावरून येताना फाट्यापासून घरापर्यंत चालत यायला लागला. ऑक्टोबरात ट्रायग्लिसराइड २६५ आणि १७० वरून १३५ वर आलं. ते पथ्याला लवकर ऐकतं. एलडीएल १२४ वर अडलं. बहुतेकांचं असंच अडतं, त्यात हिंमत हरायचं कारण नाही आणि स्वतःला दोषही द्यायचा नाही. लायपोप्रोटीन आणि काकांचा इतिहास धरून डॉक्टरांनी स्टॅटिनची लहान गोळी सुरू केली. पुढच्या मोजणीत एलडीएल ७८. ही गोळी त्याने विम्याच्या मेडिकलआधी लपून खाल्ली असती तरी आकडा असाच पडला असता, आणि ती मेडिकलनंतर बंद झाली असती.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. रिपोर्टांची फाइल आता काकू सांभाळतात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तिने भावाकडून पेनाने लिहून घेतलंय: किती तास उपाशी, आदल्या दिवशी काय खाल्लं, ताप होता का. मी म्हटलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणाल्या, "तूच नाही का बोललास, नदीची एक बाटली म्हणून. मग बाटली कधी भरली ते नको लिहायला?"